लिहिणारे अनेक, आवाज एक

हापूस विकणारं एखादं दुकान घ्या. सोमवारी त्याच्या पानावर कॅप्शन येते, "आंबा आलाय, पटकन ये!" बुधवारी तेच पान म्हणतं, "ग्राहकांनी कृपया नोंद घ्यावी." लिहिणारे दोघे, त्यामुळे दुकानंही दोन वाटतात.

यावर उपाय म्हणजे साच्यांचा संग्रह. आधी जुन्या पोस्टचे प्रकार पाडायचे: नवा माल, सवलत, दिलगिरी. मग प्रत्येकाचा साचा ठरवायचा. उदाहरणार्थ, "___चा हापूस आला. पेटीत ___ डझन, भाव ___ रुपये. तुम्ही ___पर्यंत मागवा." इन्स्टाग्राम 2,200 अक्षरं लिहू देतं, पण फीडमध्ये सुरुवातीचाच भाग दिसतो, म्हणून गाव आणि फळ पहिल्या वाक्यात. मराठीत एक अडचण उरतेच. हापूसच्या जागी काजू आले की 'चा' आणि 'आला' दोन्ही बदलतात, तेव्हा प्रत्यय आणि क्रियापदही मोकळं ठेवावं लागतं.

मेलचिंप कंपनीची जाहीर लेखन-मार्गदर्शिका आवाज आणि सूर यांत फरक करते: आवाज कायम, सूर प्रसंगानुसार. म्हणून पेटी उशिरा पोहोचली, तर दिलगिरीतही 'तुम्ही'च राहतं. विनोद मात्र गळतो.

साचा सैल आहे का, हे ओळखणं सोपं आहे. हापूसऐवजी चप्पल लिहूनही कॅप्शन चालत असेल, तर तो साचा संग्रहातून काढून टाकावा.