नऊ टक्के व्याजात दडलेला डॉलरचा भाव

मुलगा अमेरिकेत आणि आईवडील बारामतीत किंवा इंदापुरात, अशी घरे आता विरळ राहिलेली नाहीत. अशा घरांत एक प्रश्न हमखास निघतो. तिकडे बँक जेमतेम व्याज देते आणि इथे भरघोस मिळते, मग डॉलर तिकडे का ठेवायचे? डिसेंबर २०११ मध्ये या प्रश्नाला विशेष धार आली. रिझर्व्ह बँकेने अनिवासी भारतीयांच्या रुपयांतील ठेवींवरची, म्हणजे एनआरई ठेवींवरची, व्याजदराची मर्यादा तेव्हा उठवली. तोवर हे दर लंडनच्या आंतरबँक दराशी जखडलेले होते. मर्यादा उठताच अनेक बँकांनी ते नऊ टक्क्यांच्या आसपास नेले. अमेरिकेत वर्षाच्या ठेवीवर एक टक्का मिळाला तरी पुष्कळ, अशी स्थिती होती.

बारामतीच्या एका कल्पित अभियंत्याचे उदाहरण घेऊ. त्याच्याजवळ दहा हजार डॉलर आहेत. डिसेंबर २०११ च्या अखेरीस डॉलरचा भाव सुमारे ५३ रुपये होता. त्याने ते बारामतीच्या बँकेत एनआरई खात्यात ठेवले, तर ५ लाख ३० हजार रुपये झाले. नऊ टक्क्यांनी वर्षअखेर त्याचे ५ लाख ७७ हजार ७०० रुपये होतील. तेच पैसे अमेरिकेत एक टक्क्याने ठेवले असते, तर १० हजार १०० डॉलर झाले असते. (कराचा भाग येथे बाजूला ठेवू.) दोन्ही पर्याय तंतोतंत सारखे ठरण्यासाठी वर्षअखेर डॉलरचा भाव किती हवा? पहिल्या रकमेला दुसरीने भागले की उत्तर मिळते : ५७ रुपये २० पैसे. म्हणजे डॉलर सुमारे आठ टक्क्यांनी महागला, तर व्याजातली सगळी कमाई विनिमयात जाते. हे आठ टक्के म्हणजेच नऊ आणि एक यांतला फरक.

अर्थशास्त्र यापुढे एक पाऊल टाकते. ५७.२० हा केवळ ना नफा ना तोट्याचा भाव नसून, बाजाराची अपेक्षाही तीच असली पाहिजे, असे ते म्हणते. कारण रुपया ५३ वरच राहील अशी सर्वांची खात्री असती, तर जगभरचे डॉलर रुपयाकडे धावले असते. त्या मागणीने रुपया आजच वधारला असता किंवा इथले व्याज खाली आले असते, आणि हा ओघ दोन्हीकडचा अपेक्षित लाभ सारखा होईपर्यंत थांबला नसता. या सिद्धान्ताला ‘अनाच्छादित व्याजदर समता’ म्हणतात. अनाच्छादित अशासाठी, की परतीच्या डॉलरचा भाव आधी बांधून घेतलेला नसतो. बँकेशी वायदा करार करून तो बांधता येतो. पण वायद्याचा भावही व्याजाच्या फरकावरूनच ठरत असल्याने लाभाचा मोठा भाग तिथेच खर्ची पडतो.

प्रत्यक्षात काय झाले? २०१२ च्या अखेरीस डॉलर ५५ च्या आसपास होता. आपल्या अभियंत्याचे साडेदहा हजार डॉलर झाले, म्हणजे अमेरिकेपेक्षा चारशे जास्त. सिद्धान्त खोटा ठरला, असेच कोणीही म्हणाले असते. त्याने ठेव त्याच दराने पुढे चालू ठेवली. मे २०१३ मध्ये अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने रोखेखरेदी कमी करण्याचे संकेत दिले, आणि २८ ऑगस्टला डॉलर ६८ रुपयांच्याही वर गेला. त्या दिवशी पूर्ण व्याज धरूनही त्याच्या ठेवीची किंमत नऊ हजार डॉलरच्या आसपास, म्हणजे मुद्दलापेक्षाही कमी भरली असती. वर्षअखेर डॉलर सुमारे ६२ वर स्थिरावला. दोन वर्षांचे ६ लाख २९ हजार ६९३ रुपये त्या भावाने १० हजार १५६ डॉलर होतात. अमेरिकेत १० हजार २०१ झाले असते. दोन वर्षांचा व्याजफरक सांगत होता ६१ रुपये ७३ पैसे!

इतका चपखल मेळ हा अर्थातच काहीसा योगायोग आहे. २००७ मध्ये भारतात व्याज अधिक असूनही डॉलर ४४ वरून ३९ च्या घरात उतरला होता, म्हणजे रुपया नेमका उलट दिशेने गेला. वर्ष-दोन वर्षांच्या अवधीत हा सिद्धान्त वारंवार चुकतो, हे अनेक देशांच्या आकडेवारीत दिसले आहे. जास्त व्याजाचे चलन बराच काळ शांत राहते आणि मग एकदम कोसळते, हा त्याचा नेहमीचा रिवाज. त्या कोसळण्याची जोखीम पत्करण्याचा मोबदलाही नऊ टक्क्यांत असतो, म्हणून सगळा फरक ‘अपेक्षित घसरण’ समजणे चूक. लांब पल्ल्यात मात्र मेळ बराच सुधारतो. कारण व्याजाच्या फरकामागे बहुधा महागाईचा फरक असतो : २०११ मध्ये ती भारतात नऊ टक्क्यांच्या, तर अमेरिकेत तीन टक्क्यांच्या आसपास होती.

हाच हिशेब कर्जालाही उलट बाजूने लागू होतो. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीतल्या, केवळ देशात माल विकणाऱ्या कारखानदाराला डॉलरमधले स्वस्त कर्ज मोहात पाडते. पण फेडताना डॉलर महागलेला असेल, तर ती स्वस्ताई उरत नाही. इंदापूरचा द्राक्षे किंवा डाळिंबे निर्यात करणारा बागायतदार तेच कर्ज घेतो, तेव्हा त्याची गोष्ट वेगळी असते. त्याचे बिलच डॉलरमध्ये येणार असेल, तर देणे आणि येणे एकाच चलनात राहते आणि रुपया कुठेही गेला तरी कर्जाचा बोजा वाढत नाही. मात्र माल युरोपात जात असेल आणि पैसे युरोत येत असतील, तर डॉलरचे कर्ज त्याच्यासाठीही उघडेच राहते.