यावे, याल का, जमेल का?

भेटीची वेळ ठरवणाऱ्या मराठी निरोपात आदर दोन ठिकाणी असतो : सर्वनामात आणि क्रियापदात. तू, तुम्ही, आपण यांतले कोणते सर्वनाम निवडायचे, याचा विचार बहुतेकजण करतात. पण मराठीत सर्वनाम गाळूनही वाक्य पूर्ण होते. ‘उद्या ४ वाजता ये’, ‘या’, ‘यावे’, ‘याल का’ यांपैकी एकाही वाक्यात सर्वनाम नाही, तरी नाते चारही ठिकाणी स्पष्ट कळते. शिवाय क्रियापद आणखी एक गोष्ट सांगते, ती सर्वनामाला सांगता येत नाही : वेळ ठरवण्याचा अधिकार कोणाचा आहे. वडीलधाऱ्यांना, शिक्षकांना किंवा ग्राहकांना खटकणाऱ्या निरोपात बऱ्याचदा सर्वनाम बरोबर असते आणि हा अधिकार चुकीच्या माणसाकडे गेलेला असतो.

पूर्वी पत्रात हे ओझे मायना वाहत असे. आईवडिलांना ‘तीर्थरूप’, त्यांच्या बरोबरीच्या इतर वडीलधाऱ्यांना ‘तीर्थस्वरूप’, धाकट्यांना ‘चिरंजीव’ आणि त्यामागून ‘सा. न. वि. वि.’ किंवा ‘अनेक उत्तम आशीर्वाद’. पहिल्या ओळीतच लिहिणारा आणि वाचणारा आपापल्या जागी बसत, म्हणून पुढे थेट ‘सोमवारी निघून यावे’ असे लिहिले तरी चालत असे. फोनवरच्या दोन ओळींच्या निरोपात मायना राहिला नाही. फार तर ‘नमस्कार सर’ उरले. त्यामुळे मायन्याचे काम आता क्रियापदाच्या शेवटच्या अक्षरांना करावे लागते.

यातले सर्वांत फसवे रूप म्हणजे ‘यावे’. व्याकरणाने ते आदराचेच आहे, निमंत्रणपत्रिकेत ‘अगत्य यावे’ असे छापतात. पण लग्नाची वेळ मुहूर्ताने ठरलेली असते. तिथे ‘यावे’ हा आग्रह असतो. दोन माणसांच्या भेटीची वेळ मात्र अजून ठरायची असते. अशा वेळी शिक्षकांना ‘उद्या ४ वाजता यावे’ असे पाठवले की तो आग्रह राहत नाही, बोलावणे होते. कार्यालयाने काढलेल्या नोटिशीचा सूर त्याला येतो. ‘कृपया’ जोडून तो सूर जात नाही, उलट थोडा वाढतो, कारण ‘कृपया अमुक करावे’ हे मराठी माणूस मुख्यतः सूचनाफलकांवर वाचत आलेला आहे.

‘याल का’ मध्ये प्रश्न आहे, म्हणजे नाही म्हणायला जागा आहे. तरी येण्याची तोशीस समोरच्यावरच पडते. ‘जमेल का’ आणखी मऊ आहे. ‘४ वाजता जमेल का?’ यात कर्ता माणूस नाही, वेळ जुळणे आहे. वेळ जुळली नाही तर दोष कोणाचाच नाही, आणि म्हणून नकारही ‘नाही जमणार’ असा सहज देता येतो. ‘येऊ का?’ याची दिशा उलटी आहे : तोशीस विचारणारा घेतो आणि परवानगी समोरच्याकडे ठेवतो. मराठी बोलण्यात वडीलधाऱ्यांसाठी हे रूप फार जुन्या काळापासून मुरलेले आहे आणि निरोपातही ते तितकेच चांगले बसते.

एका कामावरून हा फरक नीट दिसतो. पुण्यातल्या एका जुन्या घराच्या दुरुस्तीची पाहणी बुधवारी ४ वाजता ठरली आहे. ती गुरुवारी सकाळी ११ वाजता न्यावी लागते, असे समजू. निरोप एका तरुण आर्किटेक्टला पाठवायचे आहेत. सल्ला देणारे निवृत्त प्राध्यापक हे त्याचेच जुने शिक्षक आहेत. काम घराच्या मालकीणबाईंनी दिले आहे. घरात त्यांचे सासरे राहतात. आणि ऑफिसात एक नवी सहकारी आहे.

शिक्षकांना असे लिहिता येईल : ‘नमस्कार सर. महापालिकेचे अभियंते गुरुवारी येणार असल्याने बुधवारची पाहणी पुढे न्यावी लागते आहे. गुरुवारी सकाळी ११ वाजता तुम्हाला जमेल का? नसेल जमत, तर सोयीची वेळ सांगा, मी त्यांच्याशी बोलून घेतो.’ कारण आधी आले आहे, मग प्रश्न. ‘सांगा’ हे साधे आज्ञार्थी रूप असूनही खटकत नाही, कारण ते शिक्षकांच्याच हाती निर्णय देते. या निरोपात ‘आपण’ नाही, ‘तुम्ही’ आहे. वर्गात वर्षानुवर्षे ‘सर, तुम्ही’ म्हटल्यावर निरोपात एकदम ‘आपण’ आले तर माणूस दूर गेल्यासारखा वाटतो. जे तोंडाने म्हणतो तेच लिहावे, हा इथे चांगला नियम आहे. शाळेतल्या बाईंना ‘बाई’ म्हणत असाल तर त्यांना ‘मॅडम’ करण्याचे कारण नाही.

मालकीणबाईंना : ‘नमस्कार मॅडम. बुधवारऐवजी गुरुवारी सकाळी ११ वाजता पाहणी ठेवली तर चालेल का? आम्ही तुमच्या घरीच येऊ.’ इथे एक बारीक चूक टाळली आहे. पुरुष ग्राहकाला पाठवलेला ‘मोकळे आहात का?’ हा निरोप तसाच बाईंना गेला तर ‘मोकळ्या’ हवे होते तिथे ‘मोकळे’ राहते, आणि निरोप मुळात दुसऱ्यासाठी लिहिला होता हे उघड होते. ‘चालेल का’, ‘वेळ आहे का’ या रचनांत हे लिंगाचे बंधन येत नाही.

सासऱ्यांना : ‘काका, गुरुवारी ११ वाजता आम्ही चौघे घरी येऊ का? तुमच्या जेवणाच्या वेळेआधी काम आटपू.’ वयस्क माणसासाठी दिवसाचा क्रम मोडणे हीच मोठी अडचण असते. ती ओळखल्याचे सांगणारे दुसरे वाक्य ‘आदरणीय’ या शब्दापेक्षा अधिक आदर देते.

सहकारी मुलीला : ‘पाहणी आता गुरुवारी ११ वाजता आहे. साडेदहाला ऑफिसात ये, एकत्र निघू. जुने नकाशे आणि टेप घेऊन ये.’ वेळ ठरवण्याचा अधिकार इथे खरोखरच लिहिणाऱ्याचा आहे, म्हणून ‘येशील का’ असे विचारणे खोटे ठरेल. तिला वाटेल नाही म्हणता येते. ‘निघू’ या शब्दाने हुकमाची धार आपोआप कमी होते.

अर्थात धाकट्या पदावरच्या प्रत्येकाला ‘तू’ चालत नाही. ‘अरे-तुरे’ करण्याचा हक्क पदाने मिळत नाही, वयाने आणि ओळखीने मिळतो. त्याच कामावरचे मिस्त्री आर्किटेक्टच्या हाताखाली असले तरी पन्नाशीचे आहेत, म्हणून ‘मिस्त्री, गुरुवारी साडेदहाला या’ हेच योग्य. शाळेतल्या किंवा इस्पितळातल्या मावशींनाही ‘मावशी, उद्या लवकर याल का?’ असेच लिहितात. नव्याने आलेल्या तरुणाला आधी ‘तुम्ही’ म्हणावे आणि त्याने ‘मला तू म्हणा’ म्हटल्यावर बदलावे. उलट वाट अवघड असते. ‘तू’वरून ‘तुम्ही’वर जाणे रागावल्यासारखे दिसते, आणि भांडणात ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येण्याला तर ‘एकेरीवर येणे’ असे नावच आहे.

घरच्यांच्या बाबतीत वयाचा नियम मोडतो. आई वयाने कितीही मोठी असली तरी बहुतेक मराठी घरांत ती ‘तू’च असते, ‘आई, डॉक्टरकडे ५ वाजता जायचंय, तयार राहशील ना?’ याऐवजी ‘तयार राहाल का’ लिहिले तर ती घाबरून फोन करील. सासूलाही ‘आई’ म्हणतात, पण तिथे ‘राहाल’ लागते. वडिलांना पूर्वी सर्रास ‘तुम्ही’ म्हणत, आता पुष्कळ घरांत ‘बाबा, तू’ रुळले आहे. आजी ‘तू’ आणि आजोबा ‘तुम्ही’ अशी विभागणीही एकाच घरात सापडते. म्हणून दुसऱ्याच्या घरची भाषा उसनी घेऊन निरोप लिहू नये.

‘आपण’ या सर्वनामाचा धोका वेगळा आहे. मराठीत ‘आपण’ म्हणजे आदराचे ‘तुम्ही’, आणि बोलणारा व ऐकणारा मिळूनचे ‘आम्ही’सुद्धा. एरवी क्रियापद खुलासा करते : ‘आपण याल’ म्हणजे तुम्ही, ‘आपण येऊ’ म्हणजे आपण दोघे. पण काही रूपांत हा खुलासा बुजतो. ‘आपण बुधवारची वेळ ठरवली होती’ हे वाक्य दोन्ही अर्थांनी वाचता येते, आणि वेळ चुकली असेल तर ते आरोप आहे की आठवण, हेच कळत नाही. ‘आपण गुरुवारी येणार ना?’ यातही तीच अडचण.

सर्वांत जास्त घोटाळा ‘आपल्या’मुळे होतो. ‘गुरुवारी ११ वाजता आपल्या ऑफिसात भेटू’ असा निरोप ग्राहकाला गेला, की त्याचे तीन अर्थ संभवतात : आदराने ‘तुमच्या’, जवळिकीने ‘आपल्या सगळ्यांच्या’, किंवा सवयीने ‘माझ्या’. ग्राहक स्वतःच्या ऑफिसात चहा मागवून बसतो आणि दुसरा माणूस आपल्या ऑफिसात घड्याळ पाहत राहतो. चूक कोणाचीच नसते, तरी दोघेही दुखावतात. ठिकाण सांगताना ‘आमच्या’ किंवा ‘तुमच्या’ असेच लिहावे. ग्राहकाला बाकीच्या निरोपात ‘आपण’ म्हटले असले तरी या एका जागी ‘तुमच्या’ आल्याने आदर कमी होत नाही. ज्याला ही मिसळ रुचत नाही, त्याने ठिकाणाचे नाव द्यावे : ‘लक्ष्मी रोडच्या ऑफिसात’.

अशी जाणूनबुजून केलेली मिसळ वेगळी आणि घाईतली वेगळी. ‘सर, आपण केव्हा येणार? आलात की तुमचा फोन करा’ हे अजून सोसते, पण ‘तुम्ही ५ वाजता ये’ हे कोणालाच सोसत नाही. ते बहुधा ‘तू’चा निरोप दुरुस्त करताना सर्वनाम बदलले आणि क्रियापद राहून गेले, यातून होते. पाठवण्यापूर्वी फक्त क्रियापदे ओळीने वाचून पाहिली तर ही चूक लगेच सापडते.

गटाला पाठवायच्या निरोपात निवड सोपी होते, कारण ‘तू’चे अनेकवचनही ‘तुम्ही’च आहे. शिक्षक, मालकीणबाई, मिस्त्री आणि नवी सहकारी एकाच गटात असतील तर ‘गुरुवारी सकाळी ११ वाजता सगळ्यांनी घरी जमायचं आहे’ हे सर्वांना पुरते. ‘जमायचं आहे’ यात कोणी कोणाला बोलावत नाही. फक्त शिक्षकांना त्याआधी वेगळा निरोप गेलेला असावा. विचारण्याआधीच ठरलेली वेळ गटात वाचायला मिळाली, तर ‘जमेल का’ विचारण्याची संधी निघून गेलेली असते.