शेवटच्या चेंडूनंतर कोणता इमोजी?

मुंबईतल्या एखाद्या सोसायटीचा किंवा ऑफिसचा व्हॉट्सॲप ग्रुप घ्या. त्यात मुंबई इंडियन्सचे चाहते असतातच. माटुंग्यापासून चेंबूरपर्यंत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली तमिळ कुटुंबं या शहरात असल्यामुळे चेन्नई सुपर किंग्सचे चाहतेही त्याच ग्रुपमध्ये निघतात. शिवाय धोनीसाठी पिवळा रंग धरलेले मराठी लोक आहेतच. अशा मिश्र ग्रुपमध्ये सामना चालू असताना एकजण दर षटकाला स्कोअर टाकत असतो. शब्दांत तो सहसा कुणाला डिवचत नाही, कारण ‘आठवा गडी बाद’ यात लागण्यासारखं काही नसतं. लागतं ते त्या वाक्याच्या शेपटाला लावलेलं चिन्ह.

१२ मे २०१९चं उदाहरण घेऊ. हैदराबादला आयपीएलचा अंतिम सामना होता. मुंबईच्या १४९ धावा झाल्या होत्या आणि चेन्नईला शेवटच्या षटकात ९ हव्या होत्या. गोलंदाज लसिथ मलिंगा. पहिल्या तीन चेंडूंवर १, १ आणि २ धावा निघाल्या. चौथ्या चेंडूवर दुसरी धाव घ्यायला गेलेला शेन वॉटसन धावबाद झाला. ५९ चेंडूंत ८० धावा काढून त्याने एकट्याने सामना इथवर आणला होता. तो बाद झाला त्या क्षणी मुंबईच्या चाहत्याचा अंगठा 😂 कडे जातो. त्याच्या मनात सुटकेचं हसू असतं, वॉटसनची टिंगल नसते. पण चेन्नईवाल्याला ते मन दिसत नाही. त्याला दिसतो पडलेला आपला माणूस आणि त्याच्याशेजारी हसून हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा.

चेहऱ्याच्या इमोजींची अडचण हीच आहे. तो चेहरा नेमका कुणाचा, हे कळायला मार्ग नसतो. 😭 टाकलं तर मी आनंदाने रडतोय, की तू रडतोयस असं मी दाखवतोय? 😬 म्हणजे मला टेन्शन आलंय, की तुमची फजिती बघवत नाही? अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली हे तपासलं. तेव्हा एकच चित्र समोर ठेवूनही ते आनंदी की त्रासिक यावर लोकांचं एकमत होत नव्हतं. त्यात प्रत्येक कंपनीच्या फोनवर तोच इमोजी थोडा वेगळा काढलेला असतो. हरणाऱ्याच्या मनःस्थितीत असलेला वाचक अशा दोन अर्थांतला टोचणाराच अर्थ उचलतो, आणि त्यात त्याची चूक नाही.

म्हणून चालू सामन्यात चेहरे बाजूला ठेवावेत आणि मैदानावर काय झालं ते सांगणारी चिन्हं घ्यावीत. 🏏 हे बॅट-चेंडूचं चिन्ह २०१५ साली युनिकोडमध्ये आलं. ते कुणाचीच बाजू घेत नाही. अचूक यॉर्करला 🎯 शोभतं, कारण ते गोलंदाजाच्या कौशल्याबद्दल बोलतं. पायचीत दिला तर ☝️ म्हणजे पंचांचं बोट. आपल्या संघाच्या रंगाचं हृदय, 💙 किंवा 💛, फक्त आपलं प्रेम सांगतं. समोरच्याबद्दल ते अवाक्षर काढत नाही.

वस्तूंमध्येही काही घातक आहेत. 🦆 म्हणजे शून्यावर बाद, ही क्रिकेटची जुनी भाषा खरी. पण ते माणसाच्या नावापुढे लागलं की चिडवणं होतं. 🧹 म्हणजे झाडून साफ केलं. 👋 म्हणजे चालते व्हा. 🤫 म्हणजे आता गप्प बसा. आणि 🤡 बद्दल तर चर्चाच नको. पारख करायची सोपी रीत आहे. शब्द झाकून नुसतं चिन्ह पाहायचं. ते चेंडूकडे, बॅटकडे, धावफलकाकडे बोट दाखवतं की हरणाऱ्या माणसाकडे? उत्तर ‘माणसाकडे’ आलं तर ते काढून टाकावं.

टाळ्यांचं थोडं वेगळं आहे. ‘वॉटसन बाद 👏’ आणि ‘वॉटसन धावबाद, ५९ चेंडूंत ८० 👏’ या दोन ओळी ताडून बघा. पहिलीत टाळ्या बाद होण्याला पडल्या, दुसरीत ८० धावांना. चिन्ह एकच, पण ते कोणत्या शब्दाला चिकटतं यावर अर्थ फिरतो. या डावाबद्दल पुढे जे कळलं ते तर लक्षात ठेवण्यासारखं आहे. वॉटसन त्या दिवशी गुडघ्यातून रक्त येत असताना खेळत होता आणि सामन्यानंतर त्याला टाके घालावे लागले, हे त्याचा सहकारी हरभजन सिंगने नंतर सांगितलं. त्याची रक्ताने भिजलेली पँट सगळ्यांनी फोटोत पाहिली. धावबाद झाल्यावर ‘पळता येईना’ अशा अर्थाने 🏃 किंवा 🐢 टाकलेला माणूस तो फोटो बघून काय म्हणाला असेल? चालू सामन्यात आपल्याला सगळं ठाऊक नसतं, आणि पाठवलेला मेसेज मात्र ग्रुपमध्ये राहतो.

पाचव्या चेंडूवर शार्दुल ठाकूरने २ धावा काढल्या. शेवटच्या चेंडूवर जिंकायला २ हव्या होत्या. मलिंगाने हळू यॉर्कर टाकला आणि शार्दुल पायचीत झाला. मुंबई १ धावेने जिंकली. इथे संयमाची खरी गरज होती. शार्दुल पालघरचा, रणजी मुंबईकडून खेळणारा. मुंबईकरांनी त्याच्या नावापुढे हसरा चेहरा लावणं म्हणजे घरच्याच पोराला हसणं. त्या क्षणाची ओळ मी अशी लिहीन: ‘मलिंगाचा यॉर्कर 🎯 शार्दुल पायचीत. मुंबई १ धावेने विजयी 🏆💙’. चिन्हं गोलंदाजाला आणि चषकाला लागली आहेत. शार्दुलच्या नावापुढे काही नाही. हरलेल्याच्या ओळीत मोकळी जागा सोडणं हा माझ्या मते सगळ्यात सभ्य पर्याय आहे.

संख्येचंही भान हवं. एक 🏆 बातमी देतं. बारा 🏆 समोरच्याच्या तोंडावर नाचतात. जे दृष्टिहीन लोक फोनकडून मेसेज वाचून घेतात त्यांना प्रत्येक चिन्हाचं नाव ऐकावं लागतं. लांब रांग त्यांच्यासाठी निव्वळ त्रास असते. वेळेचंही तसंच. मोबाइलवरचं प्रक्षेपण टीव्हीपेक्षा काही सेकंद, कधी अर्धा मिनिटही मागे असतं. समोरच्याने शेवटचा चेंडू पाहण्याआधीच आपला 🏆 त्याच्या पडद्यावर झळकला, तर त्याच्या आशेचे शेवटचे क्षण आपण हिरावून घेतले. अटीतटीच्या षटकात चेंडू पडल्यापासून मिनिटभर थांबून लिहावं.

सामना संपल्यावर सांत्वनाची घाई होते, आणि तिथे मराठी ग्रुपांत एक खास खड्डा आहे. 🙏 हे आपण नमस्काराला वापरतो, आभाराला वापरतो. पण ‘भावपूर्ण श्रद्धांजली’सोबत 🙏💐 येण्याची आपल्याला इतकी सवय आहे, की पराभवानंतर ‘चेन्नई 🙏💐’ कुणी लिहिलं तर ती मयताची खबर वाटते. मुद्दाम तसं लिहिणारेही पुष्कळ असतात, त्यामुळे प्रामाणिक माणसावरही तोच संशय येतो. 🫡 ची गत आता जवळपास तीच आहे. त्यापेक्षा 🤝 बरं. सामन्यानंतर खेळाडू हस्तांदोलन करतात तेच ते, आणि त्यात दोन्ही हात सारख्याच उंचीवर असतात. मात्र त्याच्याबरोबर एखादं खरं वाक्य हवं, ‘वॉटसन काय खेळला!’ एवढंही पुरे. नुसतं 🤝 कोरडं दिसतं.

हरलेले स्वतःच 😭💀 टाकून आपल्या संघाची थट्टा करू लागले, तर त्यांना हसू द्यावं. स्वतःच्या घरावर हसण्याचा हक्क त्यांचा आहे. त्यात लगेच आपलं 😂 मिसळलं की तीच थट्टा चिडवण्यात बदलते. त्यांच्यातल्याच कुणी आपल्याला उद्देशून काही म्हटलं, म्हणजे ‘काय नशीब तुमचं!’ किंवा ‘पुढच्या वर्षी बघतो’, तर मग आपणही मोकळेपणाने 😄 द्यावं.