मावशींना कामावर ठेवण्याआधी घरमालकाला लिहिलेलं पत्र

कोथरूडच्या भाड्याच्या घरात आम्ही राहायला आलो तेव्हा सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. आम्ही दोघंही सकाळी साडेआठला घर सोडणारे. त्यामुळे स्वयंपाकाच्या मावशी लागणारच होत्या. घरमालक नाशिकला. लिव्ह अँड लायसन्सच्या करारात एक कलम होतं: जागा फक्त भाडेकरू व त्याच्या कुटुंबीयांच्या राहण्यासाठी, इतर कोणालाही ताबा देता येणार नाही.

दीड तास पोळी-भाजी करून जाणाऱ्या बाईकडे घराचा ताबा जात नाही. म्हणून करारात कामवालीबद्दल वेगळी अट नसेल, तर अशा कामासाठी परवानगी घ्यावीच लागते असं सहसा नसतं. दिवसरात्र घरात राहणारी बाई ठेवायची असेल तर गोष्ट वेगळी. राहणारं माणूस वाढतं, म्हणून मालकाची लेखी संमती घ्यायलाच हवी. तरीही आम्ही मालकांना विचारलं. त्यांचं कपाट, गॅसची शेगडी आणि भांडी त्या घरात होती, आणि अनोळखी माणूस येतंय हे त्यांना वॉचमनकडून कळणं आम्हाला बरं वाटत नव्हतं.

आमचा मेसेज असा होता: “काका, नमस्कार. आईंच्या तब्येतीमुळे स्वयंपाकाला एक मावशी ठेवायच्या आहेत. त्या रोज सकाळी ७ ते साडेआठ येतील, रविवारी सुट्टी. मुक्काम नाही, आणि घराची किल्ली त्यांच्याकडे देणार नाही. आधीच्या दोन घरी चौकशी करून पोलिस ठाण्यात त्यांची माहिती देऊ आणि पोचेची प्रत तुम्हाला पाठवू. त्यांच्याकडून काही नुकसान झालं तर जबाबदारी आमची. तुमची हरकत नसेल तर तसं कळवा.”

काकांचं उत्तर तासाभरात आलं: “हरकत नाही. पण आधार कार्ड मला पाठवा.”

यावर मात्र आम्ही थोडं थांबलो. आधीच्या एका सोसायटीत आमच्याच मावशींचं आधार कार्ड पूर्ण क्रमांकासकट व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरलं होतं, आणि ते शंभर फोनमध्ये कायमचं राहिलं. या वेळी मावशींना आधी विचारलं, मग मास्क्ड आधारची प्रत काढली. तिच्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. कार्ड खरं आहे का, हे त्यावरचा क्यूआर कोड आधारच्या अधिकृत अ‍ॅपने स्कॅन करून पाहता येतं. स्कॅनमधलं नाव आणि फोटो कार्डाशी जुळले. पत्ता मात्र लातूर जिल्ह्यातल्या गावाचा होता. पुण्यात कामाला आलेल्या अनेकांच्या कार्डावर गावचाच पत्ता असतो, त्यावरून संशय घेऊ नये. आम्ही त्यांच्या खोलीवर चहाला गेलो आणि सध्याचा पत्ता डोळ्यांनी पाहिला.

खरी माहिती मिळाली ती आधीच्या घरांकडून. ‘बाई कशी आहे?’ असं विचारलं की ‘चांगली आहे’ एवढंच उत्तर येतं. म्हणून आम्ही विचारलं, किती महिने होत्या, किती वाजता यायच्या, का सोडलं? मावशींनी आम्हाला सांगितलेल्या गोष्टींशी ही उत्तरं जुळली. एका घरी त्या चार वर्षं होत्या, मालकीणबाई बंगळूरला गेल्या म्हणून काम सुटलं.

मग पोलिस ठाणं. घरकामगाराच्या माहितीचा अर्ज, फोटो, ओळखपत्राची प्रत दिली आणि शिक्क्याची पोच घेतली. इथे बहुतेकांची गल्लत होते. पोच म्हणजे माहिती मिळाली, एवढंच. पूर्वीचे गुन्हे तपासले गेले असा तिचा अर्थ नाही. तशा तपासाचा चारित्र्य पडताळणीचा दाखला वेगळा असतो. तो स्वतः त्या व्यक्तीने अर्ज करून घ्यायचा असतो, आणि गाव दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर वेळ लागू शकतो. चार घरची कामं करणाऱ्या बाईला त्यासाठी खाडा पडतो. मालकाचा आग्रह असेल तर अर्जाचा खर्च आणि त्या दिवसाचा पगार भाडेकरूनेच द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि दाखला कोरा असला तरी तो फक्त पोलिसांच्या नोंदीपुरता. शेगडी नीट बंद करणारी बाई कोण, हे त्यातून कळत नाही.

एक गोष्ट आमच्या मेसेजमध्ये राहून गेली. मावशी आजारी पडल्या की त्यांच्या ऐवजी कोण येणार? तिसऱ्या महिन्यात त्यांनी बारा वर्षांच्या लेकीला पाठवलं. चौदा वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवण्यावर २००६पासून बंदी आहे. मुलीला शिरा खायला दिला, रिक्षाने घरी सोडलं आणि मावशींना सांगितलं की त्या दिवशी खाडा चालेल, पैसे कापणार नाही. काकांनाही कळवलं की बदली बाई आली तर आधी तिची चौकशी, मगच काम.

तुम्ही असं पत्र लिहिणार असाल, तर बदलीची ओळ पहिल्याच पत्रात घाला. आणि मावशी काम सोडतील त्या दिवशी गेटवरची त्यांची नोंद रद्द करून घ्या, फोनमधली आधारची प्रत पुसून टाका, आणि घरमालकालाही ती पुसायला सांगा.