एक लाख पंच्याऐंशी हजारांचा हिशेब

समजा, तालुक्याच्या गावी वाचनालय चालवणारा एक विश्वस्त न्यास आहे. २०२३-२४ च्या ताळेबंदात देणग्या दिसतात १८,४०,००० रुपये, पण आयकर विभागाकडे भरलेल्या देणगीदारांच्या विवरणपत्रात, म्हणजे फॉर्म १०बीडीमध्ये, १६,५५,००० च. कलम १४२(१) खाली नोटीस येते: फरक १,८५,००० रुपयांचा, खुलासा करा.

अशा वेळी अनेक कार्यकारिणींचा हात आधी संस्थेच्या इतिहासाकडे जातो. चाळीस वर्षांची निरपेक्ष सेवा, मान्यवरांच्या भेटी, मग ‘आमच्यावर अविश्वास का?’ हे सगळं पत्रातून गाळावं. समोरच्या अधिकाऱ्याने सेवेबद्दल विचारलेलंच नसतं; त्याला रकमेचा मेळ हवा असतो.

म्हणून पत्राच्या वरच्या भागात नोटिशीची तारीख, तिचा डीआयएन क्रमांक आणि कर निर्धारण वर्ष २०२४-२५ एवढंच लिहावं. मग थेट उत्तर: “फरकाची रक्कम दोन भागांत आहे. ५०,००० रुपयांची देणगी धनादेशाने मिळाली असून देणगीदाराचे नाव व पत्ता पावतीच्या स्थळप्रतीवर आहे. ती नोंद विवरणपत्रात राहून गेली होती. दुरुस्त विवरणपत्र भरले असून त्याची पोच सोबत जोडली आहे. उर्वरित १,३५,००० रुपये दानपेटीतील आहेत. देणाऱ्यांची नावे उपलब्ध नाहीत.”

राहून गेलेली नोंद एका वाक्यात मान्य केली की पुरे. कारकून आजारी होता, संगणक बंद होता, हे विचारल्याशिवाय सांगू नये.

खरी मेख दानपेटीत आहे. नाव-पत्त्याची नोंद नसलेली देणगी कायद्याच्या लेखी निनावी ठरते. केवळ धार्मिक न्यासांना या तरतुदीतून सूट आहे, वाचनालयाला नाही. मात्र सगळ्या निनावी रकमेवर कर लागत नाही. एकूण देणग्यांचे पाच टक्के किंवा एक लाख रुपये, यांतली मोठी रक्कम वगळली जाते. इथे पाच टक्के म्हणजे ९२,०००. म्हणून एक लाख वगळायचे. उरलेल्या ३५,००० वर तीस टक्क्यांनी १०,५०० रुपये कर, वर उपकर. तो विवरणपत्रात आधीच भरला असेल तर हे गणित पत्रात जसंच्या तसं मांडावं आणि चलन जोडावं. भरला नसेल, तर पत्र पाठवण्याआधी सनदी लेखापालाकडे जावं.

सोबत काय जोडायचं? पेटी उघडल्याच्या तारखांची वही, त्यावर दोन विश्वस्तांच्या सह्या, आणि त्याच किंवा दुसऱ्या दिवशीची बँकेची भरणा पावती. पेटी उघडल्यापासून तीन आठवड्यांनी पैसे बँकेत गेले असतील, तर तेवढे दिवस ते कुठे होते, हा पुढचा प्रश्न येणारच.

दानपेटीतल्या रकमेला मागाहून नावं चिकटवण्याचा मोह मात्र काही जणांना आवरत नाही. सभासदांच्या यादीतली वीस नावं घ्यायची, प्रत्येकी काही हजार लिहायचे. अधिकाऱ्याने कलम १३३(६) खाली त्यांतल्या एकाला पत्र धाडलं आणि तो ‘मी असे पैसे दिले नाहीत’ म्हणाला, की साडेदहा हजारांच्या कराचं प्रकरण खोट्या नोंदींचं होतं.