घोणस चावलेल्या रुग्णाचा कागद : नव्या इंटर्नचे काही गैरसमज

सप्टेंबरची संध्याकाळ. कारंजा (घाडगे) तालुक्यातला 42 वर्षांचा शेतकरी सोयाबीनच्या धुऱ्यावर गवत कापत असताना उजव्या पायाला साप चावतो. नातेवाईक आधी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात नेतात आणि तिथून रात्री 10:40 ला तो वर्ध्याच्या मोठ्या रुग्णालयात पोचतो. ड्यूटीवर तुम्ही आहात, इंटर्नशिपचा दुसरा आठवडा चालू आहे. हा रुग्ण मी समजावण्यासाठी रचला आहे, पण पावसाळ्यात सेवाग्राम किंवा सावंगीच्या वॉर्डात काम केलेल्या कोणालाही तो ओळखीचा वाटेल. त्याच्याच कागदांवरून बोलू.

गैरसमज : रेफरची चिठ्ठी जोडली आहे, मग केसशीटवर पुन्हा लिहायचं कशाला?

चिठ्ठीवर बहुधा "साप चावला, एएसव्ही दिलं, पुढील उपचारासाठी पाठवत आहोत" एवढंच असतं. किती व्हायल दिल्या, कधी सुरू केल्या आणि कधी संपल्या, हे विचारूनच कळतं. सोबत आलेल्या भावाला विचारा, तरीही स्पष्ट झालं नाही तर ग्रामीण रुग्णालयात फोन करा. आपल्या रुग्णाची नोंद अशी उतरायला हवी : संध्याकाळी 6:15 ला दंश, पायाला कापड घट्ट बांधलं, 7:30 ला ग्रामीण रुग्णालयात, 7:45 ते 8:45 या वेळेत एएसव्हीच्या 10 व्हायल, हिरड्यांतून येणारं रक्त वाटेत थांबलं.

या वेळांवर पुढचा उपचार ठरतो. तुम्ही रात्री 10:45 ला 2 मिली ताजं रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन 20 मिनिटं न हलवता ठेवलं. नळी तिरपी केली तर रक्त अजून पातळच होतं. वेळ माहीत नसलेला नवखा डॉक्टर लगेच आणखी 10 व्हायल चढवेल. पण एएसव्ही विषाला निकामी करतं, संपलेले गोठणघटक परत आणत नाही. ते यकृताला नव्याने तयार करावे लागतात आणि त्याला साधारण सहा तास लागतात. म्हणून ताजा रक्तस्राव नसेल तर पुढचा निर्णय पहिला डोस संपल्यानंतर सहा तासांनी, म्हणजे पहाटे 2:45 च्या चाचणीवर घ्यायचा. आपल्या रुग्णाचं रक्त तेव्हाही गोठलं नाही, म्हणून आणखी 10 व्हायल दिल्या. सकाळी साडेनऊच्या चाचणीत गुठळी झाली. ही साखळी केसशीटवर घड्याळाच्या वेळेसह दिसली पाहिजे, कारण सकाळी राउंडला येणाऱ्या निवासी डॉक्टरांना रात्र कशी गेली हे फक्त त्या पानावरून कळणार आहे.

सापाबद्दलही असंच. भाऊ म्हणाला, "घोणस होती." मग "घोणस चावली" असं न लिहिता "नातेवाइकांच्या सांगण्याप्रमाणे घोणस, साप आणलेला नाही, पोटरीच्या मध्यापर्यंत सूज, रक्त न गोठणं" असं लिहा. ऐकलेलं आणि तुम्ही स्वतः पाहिलेलं एकाच वाक्यात मिसळलं की नंतर वेगळं करता येत नाही.

गैरसमज : राहिलेली नोंद सकाळी जुनी वेळ टाकून भरता येते, चुकलेली खोडता येते.

रात्री तीन रुग्ण एकदम आले आणि 4 वाजताचा रक्तदाब लिहायचा राहिला, असं होतं. तो घेतला असेल आणि आठवत असेल, तर सकाळी 7:20 ही खरी वेळ टाका, "उशिरा केलेली नोंद" असं लिहा आणि मग 4 वाजताचा आकडा द्या. घेतलाच नसेल तर जागा कोरी राहू द्या. चुकीच्या शब्दावर एकच आडवी रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला बरोबर शब्द, सही, तारीख आणि वेळ लिहा. व्हाइटनर कधीच नको. रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागितल्यावर 72 तासांत कागदपत्रं द्यावी लागतात, असं 2002 चे वैद्यकीय आचारसंहितेचे नियम सांगतात. रुग्ण दगावला किंवा पाय गमावला तर हेच कागद घेऊन कुटुंब शेतकरी अपघात अनुदानासाठी दारोदार फिरतं. त्यात दंशाची वेळ एका पानावर 6:15 आणि दुसऱ्यावर 8:00 निघाली तर त्याचा भुर्दंड त्या घराला बसतो.

गैरसमज : डिस्चार्ज समरी म्हणजे केसशीटची नक्कल.

हा सगळ्यात खोल रुजलेला गैरसमज आहे आणि संगणकाने तो वाढवला. सगळे रिपोर्ट एका कळीवर उतरतात, समरी चार पानांची होते आणि कामाची ओळ तिसऱ्या पानाच्या मध्यात हरवते.

आपल्या रुग्णाची लघवी तिसऱ्या दिवशी कमी झाली, क्रिएटिनिन 1.1 वरून 4.2 वर गेलं, दोन डायलिसिस लागले. नवव्या दिवशी तो घरी निघाला. समरी वाचणार ते कारंज्याचे वैद्यकीय अधिकारी. त्यांनी हा रुग्ण त्या पहिल्या संध्याकाळनंतर पाहिलेला नाही. "सर्पदंश" हे निदान त्यांना काहीच सांगत नाही. "सर्पदंश (बहुधा घोणस), रक्त गोठण्यात बिघाड, मूत्रपिंडाला तीव्र इजा, दोन डायलिसिस" यात सगळी गोष्ट आली. रोजचे सगळे क्रिएटिनिन नकोत, तीन पुरेत : येताना 1.1, सर्वाधिक 4.2, जाताना 2.1. "प्रकृती स्थिर" या शब्दांनी मात्र कोणालाही काही कळत नाही. त्याऐवजी जातानाचा रक्तदाब 138/86, चोवीस तासांची लघवी 1.8 लिटर, जखम कोरडी, आधाराने चालतो, असं लिहा.

औषधांच्या रकान्यात सर्वाधिक घात होतो. हा माणूस आधीपासून रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन घेत होता. मूत्रपिंडाला इजा झाल्यावर ती गोळी थांबवून अॅम्लोडिपिन 5 मिग्रॅ सुरू केली. समरीवर फक्त नवीन गोळी लिहिली, तर घरी टेल्मिसार्टनचं जुनं पाकीट आहेच, तो दोन्ही घेईल. म्हणून नवीन औषधांच्या खाली "थांबवलेली औषधं" ही वेगळी ओळ हवी : टेल्मिसार्टन बंद, कारण मूत्रपिंडाची इजा, पुन्हा सुरू करायचं की नाही हे क्रिएटिनिन पाहून ठरवावं. त्याच्याच खाली, अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन घेऊ नये. आपल्याकडे दिवसभर वाकून काम केलेला माणूस मेडिकलमधून हीच गोळी आणतो.

"ओडी", "टीडीएस" ही अक्षरं रुग्णाच्या प्रतीवर नकोत. "सकाळी जेवणानंतर एक गोळी" असं मराठीत लिहा. आणि "फॉलोअप एसओएस" म्हणजे रुग्णाला नक्की काय करायला सांगितलं? एका आठवड्याने ग्रामीण रुग्णालयात क्रिएटिनिन तपासावं, लघवी कमी झाली किंवा तोंडावर सूज आली तर त्याच दिवशी यावं, असं स्पष्ट लिहा. एएसव्ही घेतल्यावर साधारण पाच ते चौदा दिवसांत ताप, सांधेदुखी, अंगावर पुरळ येऊ शकतं. ते औषधाच्या प्रतिक्रियेमुळे असू शकतं, हे लिहून ठेवलं नाही तर गावात तो साधा ताप समजला जातो, आणि नेमकी तीच वेदनाशामक गोळी दिली जाते.

मसुदा तुम्ही केलात तरी त्यावर निवासी डॉक्टर किंवा युनिटच्या डॉक्टरांनी वाचून सही करायची असते, कारण तुमची नोंदणी अजून तात्पुरती आहे. सहीला नेण्याआधी हा रुग्ण न पाहिलेल्या सहकारी इंटर्नला कागद द्या आणि विचारा : याला काय झालं होतं, आता कोणती गोळी घ्यायची नाही, आणि पुढच्या आठवड्यात काय तपासायचं? उत्तरासाठी त्याला केसशीट उघडावी लागली, तर समरी पुन्हा लिहा.