वाफेच्या नळीत अडकलेले दूध

सकाळच्या पहिल्या कॅपुचिनोला आंबूस वास आला की दोष दुधावर जातो. दूध तर त्याच सकाळी पिशवी फोडून काढलेले असते. अशा वेळी स्वच्छ जगात साधे पाणी घ्यावे, कॉफी मशीनच्या वाफेच्या नळीचे टोक त्यात बुडवून थोडी वाफ सोडावी आणि पाण्याचा वास घ्यावा. पाण्याला आंबूस वास आला किंवा त्यात पांढरट कण दिसले, तर घाण नळीच्या आत आहे.

दूध आत जाते कसे? वाफ बंद केली की नळीत उरलेल्या वाफेचे पाणी होते. पाण्याला वाफेपेक्षा कितीतरी कमी जागा लागते, त्यामुळे आतला दाब एकदम उतरतो आणि टोक दुधात असेल तर दूध वर ओढले जाते. बाहेरून नळी कितीही चकचकीत पुसली, तरी हे दूध तिथेच राहते. म्हणून जग बाजूला घेताच नळी ओल्या फडक्याने पुसायची आणि टोक ट्रेकडे वळवून दोन सेकंद वाफ सोडायची. ही वाफ सोडणे पुसण्याइतकेच गरजेचे आहे आणि गर्दीत नेमके तेच राहून जाते.

उशीर का चालत नाही, तेही पाहू. कॉफीसाठी दूध साधारण ६० ते ६५ अंशांपर्यंत तापवतात, पण नळीचा धातू त्याहून खूप गरम असतो. त्याला लागलेल्या दुधातली प्रथिने चिकटून वाळतात. दुधाच्या पातेल्याला बुडाशी खरवड धरते, तसाच हा थर. तो सुरीने खरवडू नये. गरम पाण्यात भिजवलेले फडके त्यावर थोडा वेळ गुंडाळून ठेवले की तो सुटतो.

दुकान बंद करताना नळी निवू द्यावी, टोकाची टोपी आट्यांवरून फिरवून काढावी आणि दुधाचे डाग काढणाऱ्या क्लीनरच्या कोमट पाण्यात भिजवावी. भोके बारीक सुईने मोकळी करावीत. एखादे भोक बुजले तर वाफ एकाच बाजूने जोरात येते आणि फेस खरखरीत होतो. टोपी धुऊन बसवल्यावर पुन्हा वाफ सोडून क्लीनरचा अंश काढावा. नळी मात्र रात्रभर पाण्यात बुडवून ठेवू नये. मशीन थंड होताना ते पाणी वर ओढले जाऊ शकते.

जगाची गोष्ट सोपी आहे, पण तिथे एक सवय घात करते: तळाशी उरलेल्या दुधावरच ताजे दूध ओतणे. उरलेल्या दुधात जिवाणू साखरेचे आम्ल करत असतात आणि आंबट झालेले दूध तापताच फाटते. उरलेले दूध टाकून द्यावे. जग आधी थंड पाण्याने विसळावा, कारण एकदम कढत पाणी घातले तर प्रथिने भांड्याला घट्ट बसतात. मग कोमट साबणपाण्याने चोचीच्या खाचेत आणि दांड्याच्या जोडापाशी ब्रश फिरवावा, आणि जग पालथा घालून पूर्ण वाळू द्यावा.

एवढे करूनही वास राहिला, तर नळी पुसायचे फडके हुंगून पाहावे. ते फक्त नळीसाठीच ठेवावे, दिवसातून अनेकदा बदलावे आणि रोज गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवावे.